जिप्सम सीलिंगचा माल ऐनवेळी कमी पडतो: खोलीच्या मापावरून बोर्ड, चॅनल आणि हँगरचा हिशोब कुठे चुकतो

तक्रार नेहमीची आहे. खोलीचं क्षेत्रफळ काढलं, त्याला बोर्डाच्या क्षेत्रफळाने भागलं, वर दहा टक्के धरले आणि माल मागवला. तरी शेवटच्या दिवशी एक बोर्ड कमी, दोन सेक्शन कमी, आणि क्लिपा तर अर्ध्यावरच संपलेल्या. उलटंही होतं. बोर्ड पुरतात, पण महिनाभरात खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ तडा उमटतो. या दोन्ही गोष्टींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: यादी एका दिशेची आणि काम दुसऱ्या दिशेचं, किंवा यादी करताना दिशा ठरवलेलीच नाही.

सीलिंगचं बिल चौरस फुटावर होतं म्हणून मालही चौरस फुटावर निघतो असा समज आहे. माल निघतो तो रेषांवरून. बोर्ड ज्याला स्क्रूने लागतो त्या सेक्शनच्या किती रेषा, सेक्शनला वरून धरणाऱ्या इंटरमीडिएटच्या किती, त्या एकमेकींना किती ठिकाणी छेदतात, आणि बोर्डाचं टोक कुठल्या रेषेवर येतं, एवढं कागदावर दिसलं की आकडे आपोआप पडतात. खाली 14 फूट × 11 फूट खोलीचा पूर्ण हिशोब केला आहे. तो समजला की कुठल्याही आयताकृती खोलीचा करता येईल.

आधी ठरलेली अंतरं

आपल्याकडे नेहमी वापरला जाणारा बोर्ड 6 फूट × 4 फूट आणि 12.5 मिमी जाडीचा असतो. मिमीमध्ये तो 1829 × 1219 भरतो. भिंतीलगत चारही बाजूंनी पेरिमीटर चॅनल लागतो. स्लॅबला क्लीट ठोकून त्याला हँगर म्हणून सीलिंग अँगलचा तुकडा लटकवतात. अँगलच्या खालच्या टोकाला इंटरमीडिएट चॅनल बोल्ट किंवा स्क्रूने धरतात. इंटरमीडिएटच्या खाली, त्याला काटकोनात सीलिंग सेक्शन येतो आणि प्रत्येक छेदावर तारेची कनेक्टिंग क्लिप बसते. बोर्डाचे स्क्रू या सेक्शनमध्ये जातात.

दोन सेक्शनमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 18 इंच, म्हणजे 457 मिमी. दोन इंटरमीडिएटमधलं अंतर जास्तीत जास्त 4 फूट, आणि एका इंटरमीडिएटवर दोन हँगरमधलं अंतरही जास्तीत जास्त 4 फूट. पेरिमीटर भिंतीला दर 2 फुटांवर स्क्रूने धरायचा. पेरिमीटर, इंटरमीडिएट आणि सेक्शन साधारण 12 फुटी लांबीत मिळतात. इथला हिशोब 12 फुटी धरून आहे. तुमच्या दुकानात वेगळी लांबी असेल तर भागाकार तेवढा बदला.

यातला 18 इंचाचा आकडा असाच आलेला नाही. बोर्ड 72 इंच लांब आहे आणि 72 म्हणजे 18 चे बरोबर चार भाग. त्यामुळे बोर्डाची लांबी सेक्शनला आडवी ठेवली की बोर्डाचं टोक नेमकं चौथ्या सेक्शनच्या मध्यावर येतं. अर्धा, म्हणजे 3 फुटी तुकडा लावला तर त्याचं टोक दुसऱ्या सेक्शनवर येतं. सगळी रचना या जुळणीवर उभी आहे, आणि साइटवर बिघडते तीही हीच.

सेक्शनची अंतरं समान वाटू नका

ही चूक चांगले कारागीरही करतात. समजा सेक्शन 11 फुटांच्या रुंदीत टाकायचे आहेत. 132 इंच भागिले 18 म्हणजे सात पूर्णांक काहीतरी. मग दिसायला नीटनेटकं म्हणून 132 चे आठ समान भाग पाडले जातात आणि सेक्शन साडेसोळा इंचांवर येतात. अंतर 18 पेक्षा कमी आहे, म्हणजे काम मजबूतच झालं, असं वाटतं. पण आता बोर्डाचं 72 इंचावरचं टोक 66 आणि साडेब्याऐंशी इंचांवरच्या सेक्शनच्या मध्ये लटकतं. त्याला आधार नाही. मग तिथे सेक्शनचा एक जादा तुकडा मागून घालावा लागतो, प्रत्येक टोकाच्या जोडाला एक. सेक्शन कमी पडतात ते इथे.

सेक्शनच्या खुणा नेहमी ज्या भिंतीपासून बोर्ड लावायला सुरुवात होणार त्याच भिंतीपासून 18, 36, 54, 72 अशा चढत्या मापाने मारा. शेवटच्या भिंतीजवळ जे उरेल ते उरू द्या. प्रत्येक वेळी टेप मागच्या सेक्शनपासून न धरता भिंतीपासूनच धरा. मागच्या सेक्शनपासून मोजत गेलं की दर वेळची दोन-तीन मिमीची चूक साठत जाते आणि सातव्या सेक्शनपर्यंत ती बोटाएवढी होते. सेक्शनची खालची पट्टी जेमतेम 51 मिमी रुंद असते आणि तिच्यावर दोन बोर्डांची टोकं टेकायची असतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 25 मिमी येतात. रेष 15 मिमी सरकली तर एका बोर्डाला जेमतेम 10 मिमी टेकू उरतो. मग स्क्रू बोर्डाच्या अगदी कडेला मारावा लागतो, कागद फाटतो, आतला जिप्सम भुगा होतो आणि स्क्रू नुसताच फिरत राहतो.

इंटरमीडिएटचं तसं नाही. त्याच्यावर बोर्डाचा जोड येत नाही, म्हणून त्याची अंतरं समान वाटली तरी चालतात. फक्त 4 फुटांच्या वर जाऊ नये.

आणखी एक सापळा 8 फुटी बोर्डाचा. 6 फुटी संपले म्हणून दुकानदार 8 × 4 चे बोर्ड देतो आणि सांगाडा मात्र 18 इंचांवर तयार असतो. 96 इंच भागिले 18 पूर्ण जात नाही, त्यामुळे टोक पुन्हा हवेत. 8 फुटी बोर्ड घ्यायचे असतील तर सांगाडा उभा राहण्याआधी ठरवा आणि सेक्शन 16 इंचांवर टाका. 96 चे 16 ने बरोबर सहा भाग होतात. आपल्या 11 फुटांच्या रुंदीत मग सात ऐवजी आठ रेषा येतील, आणि यादीतही तेवढे सेक्शन वाढवावे लागतील.

14 × 11 ची खोली: बोर्ड 11 फुटांच्या दिशेने

क्षेत्रफळ 154 चौरस फूट. एक बोर्ड 24 चौरस फूट. भागाकार 6.4, दहा टक्के धरून सात. हे सात बोर्ड पुरतील की नाही, हे दिशेवर आहे.

पहिला पर्याय: बोर्डाची 6 फुटी बाजू खोलीच्या 11 फुटांना समांतर. तेव्हा 14 फुटांच्या अंगाने 4 फुटी तीन रांगा बसतात आणि चौथी रांग 2 फूट रुंदीची उरते. चौकटींच्या वहीवर एक चौकट म्हणजे एक फूट धरून हे काढून बघा, पुढचं वाचायला सोपं जाईल.

पहिली रांग 6 अधिक 5 फूट. दुसऱ्या रांगेत जोड पहिल्या रांगेच्या जोडासमोर येऊ नये म्हणून अर्ध्या बोर्डाने सुरुवात, म्हणजे 3, 6 आणि 2 फूट. तिसरी रांग पहिलीसारखी, चौथी दुसऱ्यासारखी, फक्त अर्ध्या रुंदीची. आता तुकडे मोजू. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेला मिळून दोन पूर्ण बोर्ड आणि 5 फुटांचे दोन तुकडे, म्हणजे चार बोर्ड लागले. दुसऱ्या रांगेत एक पूर्ण बोर्ड, आणि 3 व 2 फुटांचे दोन तुकडे एकाच बोर्डातून निघतात, म्हणजे दोन बोर्ड. चौथ्या रांगेसाठी एक बोर्ड लांबीत उभा चिरला की 2 फूट रुंदीच्या दोन 6 फुटी पट्ट्या मिळतात. एक पट्टी अख्खी लागते, दुसरीतून 3 आणि 2 फूट निघतात. तो एक बोर्ड. एकूण बरोबर सात.

सगळे जोड 36, 72 आणि 108 इंचांवर आले. तिन्ही 18 च्या पाढ्यातले आहेत, म्हणून मागून एकही जादा तुकडा घालावा लागत नाही.

आता सांगाडा. बोर्ड 11 फुटांच्या दिशेने, म्हणून सेक्शन 14 फुटांच्या दिशेने धावणार आणि 11 फुटांच्या रुंदीत त्यांची अंतरं पडणार. 18 पासून 126 इंचांपर्यंत सात रेषा. प्रत्येक रेष 14 फुटांची, आणि सेक्शन 12 फुटी. म्हणजे प्रत्येक रेषेत जोड आलाच. जोडात सेक्शन एकमेकांत 6 इंच चढवायचा, त्यामुळे जोडाचा तुकडा 2 नव्हे, अडीच फुटांचा लागतो. एका 12 फुटी सेक्शनमधून असे चार तुकडे निघतात. सात अख्खे आणि तुकड्यांसाठी दोन, मिळून नऊ. शेजारशेजारच्या रेषांचे जोड एकाच बाजूला ठेवू नका. एका रेषेचा जोड या भिंतीकडे, पुढच्या रेषेचा त्या भिंतीकडे. सगळे जोड एका सरळीत आले तर तिथे सांगाडा वाकतो.

इंटरमीडिएट 11 फुटांच्या दिशेने, 14 फुटांत साडेतीन-साडेतीन फुटांवर तीन रेषा. 11 फुटांची रेष एका 12 फुटी चॅनलमधून निघते, म्हणून तीन नग. प्रत्येक रेषेवर हँगर भिंतीपासून दीड फुटावर पहिला, मग साडेपाच फुटांवर, मग साडेनऊ फुटांवर. तीन रेषांचे नऊ हँगर. क्लिपांसाठी रेषांचा गुणाकार: सात गुणिले तीन, म्हणजे 21. पेरिमीटर 50 रनिंग फूट, म्हणजे पाच नग.

तीच खोली, बोर्ड 14 फुटांच्या दिशेने

कारागिराने दुसऱ्या दिशेने काम सुरू केलं तर बघा. आता रांगा 11 फुटांच्या अंगाने पडतात: 4, 4 आणि 3 फूट रुंदीच्या. पहिली रांग 6, 6, 2 फूट. दुसरी 3, 6, 5 फूट. तिसरी पुन्हा 6, 6, 2, पण 3 फूट रुंदीची. तिसऱ्या रांगेच्या दोन बोर्डांना प्रत्येकी एक फूट रुंदीची पट्टी कापून टाकावी लागते आणि ती कुठेच कामाला येत नाही. हिशोब आठ बोर्डांवर जातो.

सात बोर्डांतही ही दिशा बसवता येते, आणि नेमका धोका तिथे आहे. तिन्ही रांगा 6, 6, 2 अशाच लावल्या तर 2 फुटांचे तिन्ही तुकडे एकाच बोर्डातून निघतात आणि सात पुरतात. पण मग तिन्ही रांगांचे जोड एकमेकांसमोर येतात आणि खोलीभर दोन सरळ रेषा तयार होतात, एक 6 फुटांवर आणि एक 12 फुटांवर. माल कमी पडलेला, दुकान बंद, उद्या पेंटर येणार. अशा वेळी हेच केलं जातं. बोर्डाची लांब कड कारखान्यातून निमुळती येते, तिच्यात टेप आणि कंपाउंड खोलगट बसतं. टोकाची किंवा कापलेली कड पूर्ण जाडीची असते, तिथे कंपाउंडचा थर पातळ राहतो. असे कमकुवत जोड सगळे एकाच ओळीत आले की सांगाडा थोडा जरी हलला तरी ती ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत फाटते. खोलीभर धावणारा सरळ तडा दिसला आणि त्याची जागा एखाद्या भिंतीपासून 6 किंवा 12 फुटांवर असली, तर कारण बहुधा हेच समजा. वरून पुन्हा पुट्टी भरून तो जाणार नाही. तो जोड खरवडून, दोन्ही बाजूंचे स्क्रू तपासून, कागदी टेप नव्याने बसवावी लागेल. तरी ओळ तीच राहते, त्यामुळे तडा परत यायची शक्यता पूर्ण जात नाही.

याच दिशेला एक फायदाही आहे. सेक्शन आता 11 फुटांच्या दिशेने जातात, 14 फुटांत त्यांच्या नऊ रेषा येतात, आणि प्रत्येक रेष एका 12 फुटी सेक्शनमधून बिनजोड निघते. नऊच नग, पण जोड नाहीत. इंटरमीडिएटच्या दोनच रेषा, 44 इंचांवर. 14 फूट असल्याने प्रत्येकीत जोड, म्हणून तीन नग. हँगर प्रत्येक रेषेवर चार, एकूण आठ. क्लिपा नऊ गुणिले दोन, म्हणजे 18.

दोन्ही दिशा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. एका दिशेत बोर्ड वाचतो, दुसरीत सेक्शनचे जोड वाचतात. कुठली घ्यायची हे ठरवा, पण यादीच्या माथ्यावर बाण काढून लिहा: बोर्ड या भिंतीकडून त्या भिंतीकडे. तीच खूण खोलीच्या भिंतीवर खडूने करा. यादी एकाने करायची आणि काम दुसऱ्याने, ही आपल्याकडची रीत आहे, आणि हा बाण नसेल तर सात बोर्डांची यादी आठ बोर्डांच्या कामावर येऊन पडते.

एक दिशा मात्र कधीच घेऊ नका: बोर्डाची लांबी सेक्शनला समांतर. बोर्डाचा ताठपणा त्याच्या लांबीच्या दिशेने जास्त असतो. समांतर लावलेला बोर्ड दोन सेक्शनच्या मध्ये पोटासारखा खाली येतो, विशेषतः पावसाळ्याच्या दमट दिवसांत.

दोन इंचांनी एक बोर्ड

खोली 14 फूट म्हणून सांगितली जाते आणि भरते 14 फूट 2 इंच. क्षेत्रफळात हा फरक दोन चौरस फुटांचाही नाही. पण पहिल्या पर्यायात शेवटची रांग आता 2 फुटांऐवजी 2 फूट 2 इंच रुंद झाली. 4 फुटी बोर्डातून अशी एकच पट्टी निघते, दोन निघत नाहीत. ज्या रांगेला एक बोर्ड पुरत होता तिला दोन लागतात, आणि सातचे आठ होतात. क्षेत्रफळाच्या हिशोबात हे कधीच दिसणार नाही.

म्हणून माप घेताना खोली जमिनीवर मोजू नका. सीलिंग ज्या उंचीवर येणार त्या उंचीवर, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींजवळ आणि मध्ये, अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यात मोठं धरा. जुन्या इमारतींत वर प्लास्टर जाड किंवा तिरकं असतं. दोन्ही कर्णही मोजा. कर्णांत फरक असेल तर खोली काटकोनात नाही. मग सुरुवातीची रांग भिंतीला न चिकटवता दोरीच्या रेषेला लावा आणि फरक भिंतीलगतच्या कापात जाऊ द्या. शेवटची रांग नेमकी 2 फुटांच्या आसपास येत असेल तर एक बोर्ड जास्तच सांगा. उरलेल्या बोर्डातून एसीच्या तपासणी झडपेची चौकट आणि दिव्यांची दुरुस्ती निघते.

पॅसेजमध्ये पेरिमीटर का संपतो

4 फूट रुंद आणि 20 फूट लांब पॅसेजचं क्षेत्रफळ 80 चौरस फूट, आपल्या खोलीच्या जेमतेम निम्मं. पण परिघ 48 फूट, खोलीच्या 50 फुटांइतकाच. चौरस फुटावर पेरिमीटर धरणाऱ्याला पॅसेजमध्ये निम्मा माल कमी पडणारच. परिघ नेहमी भिंत मोजूनच काढा. भिंतीच्या मध्येच खांब पुढे आला असेल तर त्याच्या दोन बाजू वाढतात, त्याही धरा. कोव्ह असेल तर त्याच्या उभ्या पट्टीचा बोर्ड आणि तिच्या कडेचा चॅनल हा वेगळा हिशोब आहे. तो सपाट सीलिंगच्या टक्केवारीत कधीच मावत नाही.

हँगर कागदावर नऊ, साइटवर कमी का

क्लीटसाठी भोक पाडताना ड्रिल सळईला लागतं, किंवा स्लॅबमधून वायरिंगचा पाइप जात असतो. भोक सरकवावं लागतं आणि 4 फुटांचं अंतर एका बाजूला साडेचार होतं. हे चालवून घेऊ नका. सरकवलेल्या हँगरच्या पलीकडे एक जादा हँगर घाला. म्हणूनच नऊचा हिशोब असेल तेव्हा बारा क्लीट, बारा फास्टनर आणि त्यांचे नट-बोल्ट मागवा. जादा तीन नगांचा खर्च किरकोळ आहे, दुकानाची फेरी जास्त महाग पडते.

अँगलचे हँगर कापताना स्लॅबपासून सीलिंगपर्यंतचं अंतर मध्येही मोजा. स्लॅब मध्ये खाली-वर असतो. एक फुटाचा ड्रॉप असेल तर एक फुटी बारा तुकड्यांना अँगलची 12 रनिंग फूट लांबी लागते. बीमखाली ड्रॉप कमी होतो, तिथले तुकडे लहान. अँगल संपला म्हणून साध्या तारेने लटकवणं टाळा. तार फक्त ओढ सहन करते, वरच्या दिशेने आलेला धक्का नाही. बोर्ड लावताना कारागीर खालून दाबतो तेव्हाच लेव्हल बिघडते.

पंखा, झुंबर किंवा एसीचं कुठलंही वजन या सांगाड्यावर टाकू नका. ते स्लॅबच्या हुकालाच हवं. पंख्याच्या दांड्यासाठी बोर्डात भोक पडतं, त्याच्या दोन्ही बाजूंना सेक्शनचे आडवे तुकडे लागतात. झडपेसाठीही तसेच. खाच्याच्या दिव्यांच्या जागा सेक्शनच्या रेषा काढल्यावर ठरवा. दिवा सेक्शनवर आला तर सेक्शन कापला जातो, आणि एक कापलेली रेष सावरायला दोन-तीन तुकडे खर्ची पडतात. पहिल्या पर्यायात नऊ सेक्शननंतर दोन लहान तुकडेच उरतात, म्हणून दहा मागवा.

स्क्रू मोजायची रीत

बोर्डाचे 25 मिमी ड्रायवॉल स्क्रू सेक्शनवर दर 9 इंचांवर मारायचे. 4 फूट रुंदीच्या बोर्डाला एका सेक्शनवर सहा, 2 फुटी पट्टीला चार. म्हणजे सेक्शनच्या एका पूर्ण रेषेवर 6, 6, 6 आणि 4, मिळून 22. सात रेषांचे 154. जिथे दोन बोर्डांची टोकं एका सेक्शनवर भेटतात तिथे दुहेरी ओळ लागते, त्याचे आणखी 32. भिंतीलगत पेरिमीटरमध्ये चारही बाजूंनी सुमारे 74. एकूण 260. तीनशे सांगा. नुसती सेक्शनची लांबी 9 इंचांनी भागली तर 131 येतात, त्यात प्रत्येक बोर्डाच्या कडेचे स्क्रू आणि टोकांची दुहेरी ओळ सुटते. कमी पडतात ते इथे.

स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली बसावं, कागद फाटू नये. आरपार गेलेला स्क्रू धरत नाही. त्याच्यापासून दोनेक इंच सोडून दुसरा मारायचा.

टेपसाठी रांगांमधले तीन लांब जोड प्रत्येकी 11 फूट, म्हणजे 33 फूट, आणि टोकांचे जोड 20 फूट. भिंतीलगतही टेप करणार असाल तर आणखी 50 फूट.

मोजायची सूत्रं

वरच्या रेषा प्रत्येक खोलीसाठी काढायच्या असतील तर शीटमध्ये एवढं पुरतं. मापं इंचांत. `A1` मध्ये बोर्डाच्या लांबीच्या दिशेचं माप, `B1` मध्ये दुसरं.

```
सेक्शन रेषा:        =ROUNDUP(A1/18,0)-1
इंटरमीडिएट रेषा:    =ROUNDUP(B1/48,0)-1
हँगर:               =(ROUNDUP(B1/48,0)-1)*ROUNDUP(A1/48,0)
क्लिपा:             =(ROUNDUP(A1/18,0)-1)*(ROUNDUP(B1/48,0)-1)
```

132 आणि 168 घाला, तर 7, 3, 9 आणि 21 यायला हवेत. दोन्ही मापं उलटी घातली की 9, 2, 8 आणि 18. चार फूट किंवा त्याहून अरुंद पॅसेजमध्ये इंटरमीडिएटचं उत्तर शून्य येतं. तिथे मध्यभागी लांबीने एक रेष हाताने धरा. बोर्डांसाठी मात्र सूत्र नाही. ते चौकटींच्या वहीवरच काढावे लागतात, कारण कुठल्या बोर्डातून कुठला तुकडा निघतो हे भागाकाराला कळत नाही.

बोर्ड चढवण्याआधीची तपासणी

सांगाडा उघडा असताना पाऊण तास काढा, पुढचे बरेच फेरे वाचतात. आधी प्रत्येक छेदाला क्लिप आहे का ते बोटाने चाचपा. क्लिपा संपल्या की स्क्रूवर भागवलं जातं आणि ते जोड हलतात. मग भिंतीपासून टेप धरून 72 इंचांवर सेक्शनचा मध्य येतो का ते खोलीच्या दोन्ही टोकांना बघा. एका टोकाला येतो आणि दुसऱ्याला नाही, असंही होतं. तेव्हा सेक्शन तिरका पडला आहे. नंतर एक बोर्ड चार हातांनी नुसता वर धरा, स्क्रू न मारता. त्याचं टोक चौथ्या सेक्शनची पट्टी अर्धी झाकतंय का ते खालून दिसतं. अर्धी उघडी पट्टी दिसली तर पुढचा बोर्ड तिथे टेकेल. पट्टी पूर्ण झाकली गेली, किंवा टोक पट्टीपर्यंत पोचलंच नाही, तर सेक्शन आत्ताच सरकवा. क्लिप सैल करून तो सरकवायला दोन मिनिटं लागतात. बोर्ड लागल्यावर तेच काम पूर्ण रांग उतरवून करावं लागेल.